मोल्डची तारीख हुकणार हे ४५ दिवस आधीच दिसतंय. क्लायंटला आत्ता सांगावं की थांबावं?

भोसरी_टूलरूम | १० जुलै, सकाळी

मंडळी, सल्ला हवाय. भोसरीतली टूलरूम, प्रोजेक्ट मी बघतो. क्लायंट चाकणचा टियर-वन, पार्ट ब्रॅकेट, मटेरियल नायलॉन ६६ मध्ये ३० टक्के काच. ४ कॅव्हिटीचा मोल्ड, वितळलेलं प्लॅस्टिक गरम ठेवून आत नेणारा हॉट रनर बाहेरून येणार.

ऑर्डर १ जूनची. टी-वन, म्हणजे मोल्डची पहिली ट्रायल, २४ ऑगस्टला कबूल केलीय आणि क्लायंटची पीपॅपची, म्हणजे उत्पादनाआधीच्या पार्टमंजुरीची, तारीख २८ सप्टेंबर आहे. डिझाइन १२ जूनला गोठायचं होतं, पण क्लायंटने स्नॅपची जागा दीड मिमी सरकवली आणि सुधारित ड्रॉइंग २० जूनला आलं. त्यामुळे हॉट रनरची ऑर्डर १३ ऐवजी २२ जूनला गेली. सप्लायरचा शब्द ६ आठवड्यांचा, म्हणजे माल ३ ऑगस्टला. काल त्यांचा फोन आला की मॅनिफोल्डचे हीटर त्यांच्याच सप्लायरकडे अडकलेत, आता १७ ते २४ ऑगस्ट धरा. माल आल्यावर फिटिंग, वायरिंग, स्पॉटिंग मिळून ट्रायलपर्यंत आम्हाला ३ आठवडे लागतात.

मालक म्हणतात, “सप्लायरची पक्की तारीख येऊ दे, मग बोलू. आत्तापासून घाबरवायचं कशाला?” मला पटत नाहीये, पण मुद्देसूद उत्तरही सुचत नाहीये.

---

कट्टेकरी

मालकांना सांगा, क्लायंट घाबरत नाही, तो फक्त मोठ्या आवाजात बोलतो.

---

वाघोलीकर_इंटिरियर

आमच्या धंद्यात हे रोजचंच. मॉड्युलर किचनचं हार्डवेअर आलं नाही की क्लायंटला “दोन दिवसांत” म्हणायचं आणि दरवाजांची फ्रेम लावून ठेवायची. काम चालू दिसलं की माणूस गप्प बसतो. तुमचा मोल्डही थोडा जोडून फोटो पाठवा.

---

चाकण_खरेदी

वाघोलीकर, किचनवाल्याची पुढची गाडी त्या दरवाजावर अडलेली नसते हो. इथे ब्रॅकेट नाही आला तर आमची असेंब्ली लाइन अडते, आणि आमच्या पुढे गाडीवाला बसलेला असतो.

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो, म्हणून तिकडून सांगतो. टूलरूम दर सोमवारी चार्ट पाठवते. त्यात “हॉट रनर” ही एकच ओळ असते आणि ऑर्डर गेली की ती हिरवी होते. माल येईपर्यंत तिला कोणी हात लावत नाही. मग ट्रायलच्या ५ दिवस आधी ती एकदम लाल होते. त्या दिवशी आमच्या हातात काहीच उरलेलं नसतं, आणि आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो “किती उशीर?” असा नसतो. “तुम्हाला कधी कळलं?” असा असतो. सप्लायरचा मेल ९ जुलैचा निघाला आणि आम्हाला १८ ऑगस्टला कळलं, तर त्यानंतर त्या टूलरूमच्या एकाही हिरव्या ओळीवर आमचा विश्वास राहत नाही.

---

शनिवारवाडा_७७

मी मालकांच्या बाजूने. अर्धवट माहितीवर धोक्याची घंटा वाजवली आणि सप्लायरने ५ ऑगस्टला माल दिला, तर तुम्हीच लांडगा आला रे करणारे ठरता. पक्की तारीख घ्या, मगच बोला. आणि माल विमानाने मागवा ना! खर्च होईल, पण तारीख वाचेल.

---

डायमेकर_अप्पा

शनिवारवाडा, अर्धं बरोबर आहे तुमचं. खात्री न करता बोंब मारू नये हे खरं. पण पक्की तारीख मिळेपर्यंत थांबायचं म्हणजे सप्लायरच्या मर्जीवर थांबायचं. आणि विमानाचं म्हणाल तर उशीर वाटेत नाही, बनवण्यात आहे. हीटरच नसेल तर विमान रिकामं येईल. हॉट रनर तसाही बहुतेक वेळा विमानानेच येतो.

भोसरीवाले, आधी सप्लायरला तारीख विचारायचं थांबवा, काम कुठवर आलंय ते विचारा. मॅनिफोल्डचं गन ड्रिलिंग झालं का? नोझल तयार आहेत का? हीटर कोणाकडून, किती नग, त्यांची ऑर्डर कोणत्या तारखेची? ड्रिल झालेल्या मॅनिफोल्डचा आजचा फोटो मागवा. फोटो दोन दिवसांत आला तर १७ तारीख खरी मानायला जागा आहे. “पाठवतो पाठवतो” चाललं तर २४ सुद्धा आशावादी समजा. ही चौकशी आज आणि उद्यात उरकते. खात्रीसाठी थांबायचं तर एवढंच.

आता तुमच्या तारखा मांडतो, कारण त्यात तुम्हीही न पाहिलेली एक गोष्ट आहे.

मूळ आराखड्यात माल २५ जुलैला येणार होता. त्यात ३ आठवडे मिळवले की १५ ऑगस्ट. म्हणजे २४ तारखेपर्यंत ९ दिवस तुमच्या खिशात होते. सुधारित ड्रॉइंग उशिरा आलं, माल ३ ऑगस्टवर गेला, त्यात ३ आठवडे मिळवले की बरोबर २४ ऑगस्ट. ते ९ दिवस २२ जूनलाच संपले होते. २४ तारीख त्या दिवसापासून दोरीवर चालतेय आणि ते क्लायंटला कोणी सांगितलं नाही. सप्लायर घसरला तो त्यानंतर.

आता माल १७ ते २४ ऑगस्टला आला तर टी-वन ७ ते १४ सप्टेंबर. टी-वन ते पीपॅप तुम्ही ५ आठवडे धरलेत, तेच धरले तर पीपॅप १२ ते १९ ऑक्टोबर. क्लायंटला सांगायचा आकडा हा. “टी-वन दोन-तीन आठवडे पुढे” एवढंच सांगितलं तर तो म्हणेल ठीक आहे, पुढे भरून काढा. टी-वननंतरचं भरून निघत नाही. मोजमाप, दुरुस्ती, टी-टू, टेक्श्चर यांना लागायचा तेवढा वेळ लागतोच, आणि मध्ये गणपती आहेत. त्या दहा दिवसांत टेक्श्चरवाला आणि वायरकटवाला निम्म्या माणसांवर चालतात.

---

भोसरी_टूलरूम

अप्पा, ९ दिवसांचं खरंच लक्षात आलं नव्हतं. ड्रॉइंग आलं तेव्हा “करून टाकू” म्हणालो होतो.

---

कट्टेकरी

“करून टाकू” हे भोसरीचं बोधवाक्य आहे. गेटवर कोरून घ्या.

---

मेघना_पीएम

मी सॉफ्टवेअरमधली, मोल्डचं मला कळत नाही, पण एक विचारू? बातमी देताना पर्याय कोणते देणार? नुसती बातमी दिली तर समोरचा म्हणतो, “मग मी काय करू?”

---

डायमेकर_अप्पा

मेघनाताई, नेमका तोच प्रश्न आहे, आणि आजच सांगायचं कारणही तेच.

भोसरीवाले, तुमच्याकडे नोझल थेट पार्टवर उतरतात की छोट्या रनरवर उतरून पुढे साइड गेट आहे?

---

भोसरी_टूलरूम

छोटा रनर, मग साइड गेट. दर दोन कॅव्हिटींना एक नोझल, असे २ नोझल.

---

डायमेकर_अप्पा

मग मार्ग आहे. पार्टवर थेट उतरणारे नोझल असते तर मी गप्प बसलो असतो.

हॉट रनर यायच्या आधी मोल्ड तात्पुरता कोल्ड रनरवर, म्हणजे हीटर नसलेल्या साध्या वाटेवर, चालवून टी-वन २४ ऑगस्टलाच घ्या. मॅनिफोल्डच्या जागी भरीव प्लेट, मधून लांब स्प्रू बुश, नोझलच्या दोन्ही भोकांत डमी. स्प्रूपासून छोट्या रनरपर्यंत पार्टिंगवर एक जोडरनर. हा जोडरनर कायमच्या प्लेटमध्ये कापू नका, बदलता येणाऱ्या इन्सर्टमध्ये कापा. घाईत सरळ प्लेटमध्ये कापला तर पुढे वेल्डिंगने भरावा लागतो, आणि तिथे आयुष्यभर फ्लॅश येतो. स्प्रू जाड ठेवा, हे मटेरियल लगेच गोठतं. रनरचं वजन वाढेल, तेव्हा ट्रायलच्या मशीनची शॉट क्षमता आधी बघून घ्या.

यातून काय मिळतं आणि काय नाही, हे क्लायंटला सरळ सांगायचं. इजेक्शन, शट-ऑफ, फ्लॅश, पाण्याच्या लाइन, स्नॅप बसतो का, हे सगळं कळतं आणि हॉट रनरची वाट बघत असतानाच दुरुस्त होतं. अंतिम मापं मिळत नाहीत. गेट तोच असला तरी लांब रनरमध्ये प्रेशर खर्च होतं, पॅकिंग कमी पडतं, आणि काचेच्या मटेरियलमध्ये आकसणं-वाकणं त्यावरच ठरतं. कोल्ड रनरच्या पार्टवरून कॅव्हिटीचं माप बदललं तर हात भाजेल. स्टील कापून टाकलं की परत येत नाही. आणि हे पार्ट पीपॅपला चालत नाहीत, तिथे कायमच्या टूलवरचे, कायमच्या प्रोसेसचेच लागतात.

तारखा अशा येतील. कोल्ड टी-वन २४ ऑगस्ट. पुढच्या दोन आठवड्यांत दुरुस्त्या, आणि त्याच वेळी बाजूला हॉट साइडची जोडणी. हॉट रनरवर ट्रायल ९ ते १६ सप्टेंबर. त्यानंतर फक्त मापांची दुरुस्ती, टेक्श्चर आणि पीपॅपची रन उरते, म्हणजे ३ आठवडे. पीपॅप ३० सप्टेंबर ते ७ ऑक्टोबर. २८ तरीही हुकते, पण १४ ते २१ दिवसांऐवजी २ ते ९ दिवसांनी.

आता खरा मुद्दा. ती प्लेट, बुश, इन्सर्ट यांना स्टीलपासून फिटिंगपर्यंत ५ आठवडे धरा. २४ ऑगस्टमधून ५ आठवडे मागे गेलात की २० जुलै. म्हणजे क्लायंटचं उत्तर १८ जुलैच्या शनिवारी हातात हवं. ते २५ ला आलं तर कोल्ड ट्रायल ३१ ऑगस्टला, निम्मा फायदा गेला. १ ऑगस्टला आलं तर ट्रायल ७ सप्टेंबरला, आणि त्या दिवशी हॉट रनरवरचीच ट्रायल होऊ शकते. पर्याय मेला. मालक ज्या “पक्क्या तारखे”ची वाट बघतायत, ती येईपर्यंत हा पर्याय आपोआप संपलेला असेल. मालकांना एवढंच दाखवा.

---

चाकण_खरेदी

अप्पांना एक पुरवणी. क्लायंटला विचारा, २८ सप्टेंबर नक्की कशासाठी आहे? आमच्याकडे बऱ्याचदा या एका तारखेच्या पोटात दोन गरजा असतात. पायलट असेंब्लीला ५०-१०० पार्ट हातात हवे असतात, आणि पीपॅपचे कागद वेगळे हवे असतात. पायलटला कोल्ड रनरचे पार्ट चालले, तर आमची निम्मी आग तिथेच विझते. चालतील की नाही हे मात्र आमची क्वालिटी ठरवणार, खरेदी नाही. त्यांना पहिल्याच दिवशी बैठकीला बोलवा.

दुसरं, उरलेल्या २ ते ९ दिवसांसाठी इंटेरिम अप्रूव्हल मागता येतं. त्यात ठरावीक मुदतीसाठी किंवा ठरावीक नगांसाठी माल पाठवायची परवानगी मिळते. पण त्यासाठी काय बाकी आहे आणि कधी पुरं होईल याची योजना सोबत लागते. शेवटच्या दिवशी मागितलं तर ते भीक मागितल्यासारखं दिसतं, आत्ता पर्याय म्हणून मांडलं तर प्लॅन वाटतो.

---

मेघना_पीएम

आणि मेलच्या आधी फोन ना? अशी बातमी आधी मेलमध्ये वाचली की माणूस पहिल्या ओळीला भडकतो आणि पर्यायांपर्यंत पोचतच नाही.

---

चाकण_खरेदी

आधी फोन, आणि तोही प्रोग्रॅम मॅनेजरला. तासाभरात मेल. मध्ये दिवस गेला तर आमच्या इमारतीत तुमची बातमी दुसऱ्याच कोणाच्या शब्दांत फिरते.

---

वकील_सदाशिव

पर्चेस ऑर्डरमध्ये उशिराच्या दंडाचं कलम आहे का ते आधी बघा. असलं तर सुधारित ड्रॉइंग २० जूनला आलं हे लेखी नोंदवाच, आणि ठळक. नाहीतर दंड पूर्ण तुमच्या डोक्यावर.

---

चाकण_खरेदी

नोंदवा, पण ठळक कशाला? “तुमच्यामुळे” असा सूर लागला की आम्ही लगेच जुने मेल उकरायला बसतो आणि निर्णय बाजूला राहतो. तारखांच्या रांगेत ती एक तारीख असू द्या, पुरे.

---

वकील_सदाशिव

तुम्ही खरेदीतले, तुम्हाला ती तारीख बारीक टायपातच आवडणार.

---

डायमेकर_अप्पा

दोघंही आपापल्या पगाराला जागताय. माझं मत, नोंद असावी आणि सोबत हेही लिहावं की “त्या वेळी याचा तारखेवरचा परिणाम आम्ही कळवायला हवा होता, तो कळवला नाही.” खरं तेच आहे.

---

वकील_सदाशिव

हे वाक्य मी माझ्या अशिलाला कधीच लिहू देणार नाही.

---

भोसरी_टूलरूम

मालकांना अप्पांचा १ ऑगस्टचा हिशोब दाखवला. पाच मिनिटं बोलले नाहीत, मग म्हणाले, “मेल लिही, पाठवायच्या आधी मला दाखव.” कच्चा मसुदा असा केलाय, इंग्रजीत उद्या करीन. चुका काढा.

> विषय: ब्रॅकेट मोल्ड: २४ ऑगस्टची टी-वन व २८ सप्टेंबरची पीपॅप धोक्यात, १८ जुलैपर्यंत आपला निर्णय हवा
>
> सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे. आत्ताच्या अंदाजानुसार टी-वन ७ ते १४ सप्टेंबर आणि पीपॅप १२ ते १९ ऑक्टोबरला जाईल.
>
> कारण: हॉट रनर सप्लायरने ९ जुलैला कळवलं की मॅनिफोल्डच्या हीटरअभावी माल ३ ऐवजी १७ ते २४ ऑगस्टला येईल. याआधी सुधारित ड्रॉइंग २० जूनला मिळाल्याने आराखड्यातले राखीव ९ दिवस वापरले गेले होते.
>
> पर्याय १: हॉट रनरची वाट पाहणे. जादा खर्च नाही, तारखा वरीलप्रमाणे.
>
> पर्याय २: तात्पुरत्या कोल्ड रनरवर २४ ऑगस्टला ट्रायल. हॉट रनरवर ट्रायल ९ ते १६ सप्टेंबर, पीपॅप ३० सप्टेंबर ते ७ ऑक्टोबर. अंदाजे खर्च १ लाख ६० हजार. या पार्टवर अंतिम मापं ठरवता येणार नाहीत.
>
> पर्याय ३: दुसऱ्या सप्लायरचा हॉट रनर. प्लेटमध्ये मॅनिफोल्डचा पॉकेट आधीच कापलेला असल्याने प्लेट नव्याने करावी लागेल. आम्ही सुचवत नाही.
>
> आमची शिफारस पर्याय २. स्टील घेण्यासाठी १८ जुलैपर्यंत होकार हवा, त्यानंतर दर आठवड्याला फायदा घटतो आणि १ ऑगस्टनंतर उरत नाही.
>
> आपल्याकडून: २८ सप्टेंबरला पायलटसाठी किती पार्ट लागतील, व कोल्ड रनरचे पार्ट त्यासाठी चालतील का, हे क्वालिटीकडून कळवावे.
>
> मॅनिफोल्डचं काम कुठवर आलंय हे आम्ही दर शुक्रवारी फोटोसह कळवू. पहिली माहिती १७ जुलैला.

---

चाकण_खरेदी

माझ्या टेबलावर असा मेल आला असता तर मी चहा पाजला असता. एकच बदल करा, १ लाख ६० हजार कोण देणार ते लिहा. रिकामं सोडलंत तर आमच्याकडे निर्णयाऐवजी त्यावरच आठवडा जाईल.

---

डायमेकर_अप्पा

“अंदाज” म्हणताय तर तो कशावर टेकलाय ते एका ओळीत द्या. “फिटिंग ते ट्रायल ३ आठवडे, टी-वन ते पीपॅप ५ आठवडे धरून” एवढं पुरे. मग ते स्वतःच विचारतील की ५ चे ४ होतील का. पीपॅपची रन साधारण १ ते ८ तासांच्या उत्पादनाची, सलग किमान ३०० पार्टची लागते. क्लायंटने कमी नग मान्य केले तरी त्यात एखादा दिवसच वाचतो. टेक्श्चरचा आठवडा त्यांनी मागितला तरी देऊ नका. मापं पास होण्याआधी टेक्श्चर टाकलं आणि नंतर स्टील कापावं लागलं, की ते टेक्श्चर पुन्हा करावं लागतं.

---

शनिवारवाडा_७७

खर्च अर्धा-अर्धा मागा. ड्रॉइंग त्यांचं उशिरा.

---

वकील_सदाशिव

पूर्ण मागा. अर्धा मागितलात म्हणजे अर्धी चूक कबूल केलीत.

---

डायमेकर_अप्पा

मी असतो तर टूलरूमनेच उचलला असता. हॉट रनरचा सप्लायर आपण निवडलेला, क्लायंटने नाही. आणि पैशाचा प्रश्न नसला तर होकार १४ ला येईल, १८ ला नाही. मात्र क्लायंटनेच हा सप्लायर नेमून दिला असेल तर माझं मत बदलेल.

---

भोसरी_टूलरूम

तिथेच गोम आहे अप्पा. क्लायंटच्या यादीत तीन सप्लायर होते, त्यातला हा आम्ही निवडला.

---

वाघोलीकर_इंटिरियर

म्हणजे किचनचा हँडल क्लायंटनेच कॅटलॉगमधून निवडला, पण दुकान आपलं. यावर आमच्याकडे आजवर निकाल लागलेला नाही.

---

भोसरी_टूलरूम | १४ जुलै, संध्याकाळी

अपडेट. सोमवारी सकाळी फोन केला, तासात मेल गेला. मालकांनी शेवटी खर्चाची ओळ “आम्ही करू, सप्लायरकडून वसुली आमची” अशी घातली. वकीलसाहेब, ड्रॉइंगची तारीख ठेवली, ठळक नाही. अप्पांचं कबुलीचं वाक्य मालकांनी खोडलं.

प्रोग्रॅम मॅनेजर चिडले, पण दहा मिनिटांनी विचारलं की पायलटला ८० पार्ट हवेत, ते कोणत्या तारखेला देऊ शकाल. क्वालिटीचं उत्तर अजून नाही. त्यांचा प्रश्न असा, की स्नॅपची पकड कोल्ड रनरच्या पार्टवर तपासली तर ती धरता येईल का?

आणि मॅनिफोल्डचा फोटो आला. गन ड्रिलिंग झालेलं दिसतंय, हीटरचे खाचे रिकामे आहेत.

---

डायमेकर_अप्पा

स्नॅपची पकड फक्त तुलनेसाठी धरा, पास-नापास करू नका. नायलॉन पाणी ओढतं. ट्रायलचे पार्ट मशीनमधून काढून लगेच तपासले तर स्नॅप ठिसूळ वाटेल आणि तुटेलही. क्वालिटीला आत्ताच विचारून ठेवा की पार्ट किती ओलाव्यावर आणून तपासायचे. नाहीतर २४ तारखेला स्नॅप मोडला म्हणून दुसरा धागा काढावा लागेल.

---

कट्टेकरी

तो धागा मी आत्ताच आरक्षित करून ठेवतो.